प्रोजेक्टाइलच्या गणितात वेगाचे घटक आधी का पाडायचे

प्रश्न: सर, मी अकरावीत आहे. गणित असं आहे: १५ मीटर उंच गच्चीवरून एक चेंडू क्षितिजाशी ३०° कोन करून वरच्या दिशेने २० मी/से वेगाने फेकला. तो किती वेळाने जमिनीवर पडेल आणि इमारतीपासून किती लांब? (g = 10 m/s²) मी s = ut + ½at² मध्ये u = 20 घातलं. वेळ ४.६५ सेकंद आला, अंतर ९३ मीटर. पुस्तकात ३ सेकंद आणि ५२ मीटर दिलंय. पण गंमत म्हणजे v² = u² + 2as मध्ये तेच u = 20 घालून जमिनीवर आदळतानाचा वेग बरोबर आला! मग घटक कधी पाडायचे आणि कधी नाही?

उत्तर: तुझे ४.६५ सेकंद हे एका वेगळ्याच गणिताचं बरोबर उत्तर आहे. त्याच गच्चीवरून चेंडू सरळ डोक्यावर, नव्वद अंशांत, २० मी/से वेगाने उडवला असता तर तो ४.६५ सेकंदांनीच जमिनीवर आला असता. आणि ९३ मीटर हे अंतर आहे अशा चेंडूचं, जो पूर्ण २० ने वर जातोय आणि त्याच वेळी पूर्ण २० ने पुढेही जातोय. असा चेंडू असू शकतो, पण त्याचा वेग २८.२८ मी/से आणि कोन ४५° असायला हवा. तुझ्याकडे एकूण वेग २० चाच होता आणि तो तू दोन ठिकाणी पुरा पुरा खर्च केलास. घटक पाडणं म्हणजे या २० पैकी वर जायला किती आणि पुढे जायला किती, याचा आधी हिशोब लावणं.

ही सवय कुठून येते ते सांगतो. नववीत आपण ही तिन्ही समीकरणं शिकतो तेव्हा वस्तू एकाच रेषेत चालत असते. गाडी सरळ रस्त्यावर ब्रेक मारते, दगड सरळ खाली पडतो, चेंडू सरळ वर जातो. त्यामुळे u कोणत्या दिशेचा, a कोणत्या दिशेचा हे विचारायची वेळच येत नाही. पण s = ut + ½at² या समीकरणाची एक अट आहे, ती म्हणजे s, u आणि a हे तिघेही एकाच रेषेवरचे असले पाहिजेत. आता तुझं समीकरण बघ. a खाली आहे, १५ मीटरही खाली आहे, आणि u मात्र तिरका. दोन उभ्या राशींच्या ओळीत एक तिरकी राशी येऊन बसली. चूक बेरीज-वजाबाकीत झालेली नाही, ती तिथेच झाली.

आता, तिरका वेग दोन भागांत तोडून दोन वेगळी गणितं करायला परवानगी कोणी दिली? ही परवानगी गुरुत्वाकर्षणाकडून मिळते. ते फक्त खाली ओढतं. आडव्या दिशेला त्याचा अंशही नाही, म्हणून आडवा वेग शेवटपर्यंत तसाच राहतो. आणि आडवा वेग कितीही असला तरी खाली पडण्याच्या कामात तो ढवळाढवळ करत नाही. गॅलिलिओने नेमकं हेच मांडलं. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात आडवी एकसमान गती आणि उभी त्वरणित गती यांच्या मिलाफातून पॅराबोला कसा तयार होतो, हे दाखवलेलं आहे.

हे मी वर्गात तोंडी सांगत नाही, करून दाखवतो. तूही घरी कर. एक फूटपट्टी टेबलाच्या कडेला तिरकी ठेव, तिचं एक टोक थोडं बाहेर काढ. त्या बाहेरच्या टोकावर एक रुपयाचं नाणं ठेव. दुसरं तसंच नाणं टेबलावर, कडेपाशी, पट्टीला चिकटवून ठेव. अशा जागी ठेव की पट्टी फिरली की ते नाणं टेबलाबाहेर ढकललं जाईल. आता पट्टीला झटकन टिचकी मार. पट्टीवरच्या नाण्याखालून पट्टी निसटते आणि ते जवळजवळ सरळ खाली पडतं. दुसरं नाणं पट्टीच्या फटक्याने आडवं उडून दूर जातं. डोळे मिट आणि कान दे. फरशीवर 'टक्' असा एकच आवाज येतो. टेबल ८० सेंटीमीटर उंच असेल तर दोघांनाही ०.४ सेकंद लागतात. टिचकी आणखी जोरात मार, नाणं आणखी लांब जाईल, पण आवाज तरी एकच येईल. हा एकच आवाज माझे विद्यार्थी वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

तुझ्या चेंडूकडे याच नजरेने बघ. सूर्य बरोबर डोक्यावर आहे असं समज. चेंडूची जमिनीवर पडणारी सावली एकाच वेगाने पुढे सरकत राहील, ना वाढणार ना कमी होणार. आणि बाजूने उजेड टाकून समोरच्या भिंतीवर सावली पाडली, तर ती आधी वर जाईल, थांबेल आणि खाली येईल, अगदी सरळ वर फेकलेल्या चेंडूसारखी. आपण या दोन सावल्यांचीच दोन गणितं करणार आहोत. दोन्ही सावल्या एकाच चेंडूच्या, म्हणून दोघींत एकच गोष्ट समान आहे, ती म्हणजे वेळ. या दोन गणितांना जोडणारा दुवा फक्त t आहे.

आता वही घे. आधी बाण काढ: लांबी २०, आडव्या रेषेशी ३०°. बाणाच्या टोकापासून आडव्या रेषेवर लंब टाक. काटकोन त्रिकोण मिळाला. कोनाला लागून असलेली बाजू cos ची, कोनासमोरची sin ची.

ux = 20 cos 30° = 10√3 ≈ 17.32 m/s

uy = 20 sin 30° = 10 m/s

इथे 'x म्हणजे cos, y म्हणजे sin' असं पाठ करू नकोस. गणितात कधीकधी 'उभ्या रेषेशी ३०°' असं दिलेलं असतं आणि मग अदलाबदल होते, कारण आता कोनाला उभी बाजू लागून आहे. म्हणून घटक काढले की लगेच चित्राकडे बघायचं. क्षितिजाशी ३०° म्हणजे चेंडू बराच आडवा फेकला आहे, तर आडवा घटक मोठा यायला हवा. १७.३२ विरुद्ध १०, बरोबर आहे. वर्गांची बेरीज ३०० + १०० = ४००, म्हणजे २० चा वर्ग, तीही जुळली. दहा सेकंदांची तपासणी आहे, पण कोन चुकीच्या बाजूला धरला गेला किंवा कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिला, तर चूक इथेच पकडली जाते. रेडियनवर sin 30 ऋण येतो आणि वर फेकलेला चेंडू पहिल्या क्षणीच खाली निघतो!

मग दोन रकाने आखायचे. वरची दिशा धन धरतो, उगमबिंदू गच्चीवर, जिथून चेंडू हातातून सुटला तिथे.

```
        आडवे (x)     उभे (y)
u       17.32        +10
a       0            -10
s       ?            -15
v       17.32        ?
t       ------ एकच ------
```

हा तक्ता भरायच्या आधी समीकरणाला हात लावायचा नाही, असा माझ्या वर्गात नियम आहे. कारण तक्ता भरला की गणित कुठून सुरू करायचं हे आपोआप दिसतं. आडव्या रकान्यात s आणि t दोन्ही अज्ञात आहेत, तिथे अडलो. उभ्या रकान्यात u, a, s तिन्ही माहीत आहेत. म्हणजे t उभ्याकडून काढायचा आणि आडव्याला द्यायचा.

विस्थापनाचं −१५ पुन्हा एकदा बघ. चेंडू आधी वर गेला, मग खाली आला, मग s किती धरायचं, यावर मुलं फार गोंधळतात. s म्हणजे चेंडूने कापलेलं अंतर नव्हे, विस्थापन आहे. सुरुवात गच्चीवर, शेवट जमिनीवर, म्हणजे पंधरा मीटर खाली. मधे तो किती वर जाऊन आला याचा हिशोब समीकरण स्वतःच ठेवतं. गणित दोन तुकड्यांत तोडायची गरज नाही.

-15 = 10t - 5t²

t² - 2t - 3 = 0

(t - 3)(t + 1) = 0

t = 3 s मिळाला. आता तो आडव्या रकान्यात ने:

x = 17.32 × 3 = 51.96 ≈ 52 m

तुझ्या पुस्तकातली दोन्ही उत्तरं आली.

t = −1 हे उत्तर आपण 'वेळ ऋण नसतो' म्हणून खोडतो आणि पुढे जातो. इथे जरा थांब. समीकरणाला गच्ची माहीत नाही, त्याला फक्त वक्र माहीत आहे. ते सांगतंय की हाच पॅराबोला मागे वाढवला, तर चेंडू फेकण्याच्या १ सेकंद आधी जमिनीवर होता. म्हणजे कोणी जमिनीवरून, गच्चीच्या १७.३२ मीटर मागून, आडवा १७.३२ आणि उभा २० असा वेग देऊन चेंडू मारला असता, तर एका सेकंदाने तो गच्चीच्या उंचीवर नेमक्या तुझ्याच वेगाने आणि तुझ्याच कोनात पोचला असता. पडताळून बघ: 20 × 1 − 5 × 1 = 15.

चिन्हं चुकली की काय होतं तेही ओळखता यायला हवं. समज तू −15 ऐवजी +15 लिहिलंस. मग t² − 2t + 3 = 0 येतं, वर्गमुळाखाली ऋण संख्या येते आणि उत्तरच मिळत नाही. गणित अडलं की मुलांना वाटतं गुणाकार चुकला आणि ती तोच तपासत बसतात. खरं तर समीकरण प्रामाणिकपणे सांगतंय की चेंडू गच्चीच्या वर १५ मीटर कधीच जात नाही. बरोबरच आहे, तो वर जातो uy²/2g, म्हणजे 100/20, फक्त ५ मीटर.

हे ५ मीटर आलेच आहेत तर त्यांनी आपलं उत्तर तपासू. उभा वेग १०, दर सेकंदाला १० ने कमी होतो, म्हणून १ सेकंदाने चेंडू सर्वोच्च बिंदूवर, जमिनीपासून २० मीटरवर. तिथून २० मीटर पडायला ½ × 10 × t² = 20, म्हणजे २ सेकंद. एकूण ३. जुळलं. सर्वोच्च बिंदूवर v = 0 असं मात्र लिहू नकोस. तिथे फक्त उभा वेग शून्य असतो. आडवा १७.३२ तसाच चालू असतो, आणि तो नसता तर चेंडू तिथून सरळ खाली पडला असता.

आता तुझं कोडं, जे मला तुझ्या प्रश्नात सगळ्यात आवडलं. u = 20 घालून वेळ चुकला, अंतर चुकलं, पण अंतिम वेग बरोबर कसा आला? आधी घटकांनी काढू. उभा वेग: 10 − 10 × 3 = −20. आडवा १७.३२. दोघांच्या वर्गांची बेरीज 300 + 400 = 700, म्हणून v ≈ 26.46 m/s. तू केलंस 20² + 2 × 10 × 15 = 700. तंतोतंत तेच.

कारण असं. उभ्या दिशेचं खरं समीकरण आहे vy² = uy² + 2gh. याच्या दोन्ही बाजूंना ux² मिळव. आडवा वेग बदलत नाही, म्हणून डावीकडे ux² मिळवलं काय किंवा vx² मिळवलं काय, एकच. डावीकडे vx² + vy² म्हणजे v² तयार झालं, उजवीकडे ux² + uy² म्हणजे u². तर v² = u² + 2gh हे पूर्ण वेगांसाठीही खरं ठरतं. तू ज्याला गतीचं तिसरं समीकरण समजून वापरलंस, ते इथे ऊर्जेच्या अक्षय्यतेचं समीकरण म्हणून खरं ठरलं. ऊर्जेला दिशा नसते, म्हणून तिथे कोन लागत नाही.

यातली अडचण मी पेपर तपासताना सतत बघतो. मुलाला २६.४६ बरोबर मिळतो, त्याचा विश्वास वाढतो, आणि पुढच्या ओळीत तो v = u + gt मध्ये 26.46 = 20 + 10t लिहितो. वेळ येतो ०.६५ सेकंद. १५ मीटर उंचीवरून नुसता हातातून सोडलेला चेंडूसुद्धा १.७३ सेकंद घेतो, मग वर फेकलेला ०.६५ मध्ये खाली कसा येईल? दोन्ही वेग तिरके आहेत, शिवाय वेगवेगळ्या दिशांना तिरके: सुरुवातीचा ३०° वर, शेवटचा सुमारे ४९° खाली. त्यांच्या आकड्यांची सरळ वजाबाकी करून g ने भागणं याला काही अर्थच उरत नाही. म्हणून तुझ्या 'कधी आणि कधी नाही' याचं उत्तर: ज्या समीकरणात t आहे तिथे घटकांशिवाय पाऊल टाकायचं नाही. फक्त उंची आणि वेगाचं माप यांचा संबंध हवा असेल, दिशा आणि वेळ नको असेल, तेव्हाच पूर्ण u चालतो. आणि तेव्हा मनात 'मी ऊर्जा वापरतोय' असं स्पष्ट म्हणायचं.

अशीच फसगत R = u² sin 2θ / g या सूत्राची. सीईटीच्या तयारीत ते पाठ असतं, म्हणून हात तिकडे आधी जातो. तुझ्या गणितात ते ३४.६४ मीटर देतं. हे अंतर चुकीचं नाही, पण ते चेंडू पुन्हा गच्चीच्या पातळीवर येतो तिथपर्यंतचं आहे, २ सेकंदांनंतरचं. तिथून पुढे अजून १५ मीटर खाली यायचंय. त्या बिंदूवर उभा वेग खाली १० आहे, 10t + 5t² = 15 ला t = 1 लागतो, आणि त्या एका सेकंदात आणखी १७.३२ मीटर. ३४.६४ + १७.३२ = ५१.९६. सूत्र फक्त सुरुवात आणि शेवट एकाच पातळीवर असतील तेव्हाचं आहे. ते मुळात याच दोन रकान्यांतून, उभ्या रकान्यात s = 0 घालून निघालेलं आहे. म्हणून मी रकाने शिकवतो, सूत्र नंतर.

एक मर्यादाही सांगून ठेवतो, कारण हुशार मुलं विचारतात. हे सगळं हवेचा विरोध धरला नाही तरच. बॅडमिंटनचं शटल मारून बघ: पुढे झपकन जातं आणि मग जवळजवळ सरळ खाली उतरतं, पॅराबोला दिसतच नाही. हवेचा विरोध वेगाच्या उलट दिशेने असतो आणि बऱ्याच वस्तूंसाठी तो साधारण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. मग आडवा विरोध किती हे ठरवायलाही उभा वेग लागतो, कारण वर्ग एकूण वेगाचा आहे. दोन रकाने एकमेकांत गुंततात, नुसत्या t च्या दुव्यावर ते सुटत नाहीत. घटक तेव्हाही पाडता येतात, पण स्वतंत्र राहत नाहीत. म्हणून गणितात 'हवेचा विरोध दुर्लक्षित करा' ही ओळ असते.

आता पेन्सिल हातात आहेच तर हे कर. तीच गच्ची, तोच २० मी/से, तोच ३०°, पण या वेळी चेंडू क्षितिजाच्या खाली फेक. तक्त्यात एकच चिन्ह बदलेल: uy = −10. वेळ १ सेकंद आणि अंतर १७.३२ मीटर यायला हवं, आणि जमिनीवर आदळतानाचा वेग पुन्हा २६.४६. वर आपण खोडलेलं t = −1 इथे धन होऊन समोर येतं. असं का, हे आधी दोन पॅराबोला शेजारी शेजारी काढून बघ, मग मला लिही.